पस्तिशीतला प्रवेशअर्ज

नोकरीला दहा-अकरा वर्षं झाली की परदेशात जाऊन शिकायचा विचार पुन्हा डोकं वर काढतो. बाविसाव्या वर्षी तो पैशांमुळे मागे पडलेला असतो, किंवा 'आधी नोकरी तर लागू दे' या समजुतीमुळे. दहा वर्षांनी हातात थोडी शिल्लक असते, पदाच्या नावापुढे 'सीनियर' लागलेलं असतं आणि कुठेतरी आपण एका जागी थांबलोय अशी जाणीव व्हायला लागते. मी स्वतः वीजवितरणाच्या क्षेत्रात दशकभर काम करून ऊर्जा धोरण शिकायला गेले. परतल्यापासून माझ्या वयाचे लोक मला विचारत असतात आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणतं विद्यापीठ चांगलं?

मी त्यांना उलट विचारते, अभ्यासक्रम संपल्यावर पहिल्या सोमवारी तुम्ही कुठल्या खुर्चीत बसलेले असाल? कोणत्या पदावर, कोणत्या देशात, किती पगारावर? बाविशीतल्या मुलाला हे विचारणं अन्याय आहे. पदवी मिळाल्यावर काय दिसेल ते त्याने बघावं. पण पस्तिशीतल्या माणसाने तो सोमवार आधी ठरवावा आणि तिथून मागे मागे येत विद्यापीठापर्यंत पोचावं, असं माझं ठाम मत आहे. या वयात वेळ, वय आणि घर या तिन्हींना अटी असतात, आणि त्या अटी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात.

यासाठी मी एक साधं काम सांगते. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा खऱ्या जाहिराती काढा. छापून घ्या, स्क्रीनवर नको. प्रत्येक जाहिरातीत जी अट तुम्ही आज पूर्ण करता ती खोडत जा. दहाही कागद झाले की काय उरलं ते बघा. आठ जाहिरातींत 'अमुक विषयातली पदव्युत्तर पदवी आवश्यक' हे न खोडलेलं राहिलं असेल, तर पदवीने उघडणारं दार खरंच आहे. पण उरलेल्या ओळी 'पाच जणांच्या चमूचं नेतृत्व' किंवा 'ग्राहकांशी थेट व्यवहार' अशा असतील, तर तुम्हाला हवं असलेलं काम आत्ताच्याच कंपनीत विभाग बदलून मिळेल. एका मित्राने हा खटाटोप केला आणि त्याला उरलेली एकच गोष्ट दिसली, एक व्यावसायिक प्रमाणपत्र. ते त्याने नोकरी न सोडता मिळवलं.

काहींना जायचं असतं ते केवळ थकवा आल्यामुळे. ते मी समजू शकते. पण थकलेल्या माणसाने पूर्णवेळ पदवीला जाऊ नये, कारण ती विश्रांती नसते. ते का, हे पुढे येईलच.

आधी पैशांचं बोलू, कारण लोक फी आणि राहण्याचा खर्च धरतात आणि सगळ्यात मोठा आकडा विसरतात. तो म्हणजे न मिळालेला पगार. समजा तुमचा वर्षाचा पगार १०० आहे. कोणत्याही चलनात धरा. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची फी १५०, तिथे राहण्याचा खर्च ९०. तुम्ही घरी नसल्यामुळे घरखर्चातले २० वाचतील. घरचे हप्ते आणि मुलांची शाळा तुम्ही गेलात म्हणून थांबत नाहीत. म्हणजे १५० अधिक ९० वजा २० अधिक न मिळालेले १००, एकूण ३२०. परत येऊन त्याच क्षेत्रात ३० टक्के वाढ मिळाली, तर वर्षाला ३० जास्त. पैसे वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षं लागतील, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण स्वतःचे आकडे घालून हे गणित एकदा कागदावर करा. बहुतेकांना त्यातून हेच दिसतं की त्याच शिडीवर एक पायरी वर जाण्यासाठी परदेशी पदवी परवडत नाही. शिडीच बदलायची असेल, म्हणजे क्षेत्र किंवा देश बदलायचा असेल, तरच हिशेब बसतो. किंवा दुसऱ्या कुणी पैसे भरले तर.

दुसरं कुणी भरतं, असंही होतं. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीत एका वर्षाच्या पदवीचा खर्च मिळतो आणि त्यासाठी किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. मात्र पदवीनंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ज्यांचा तो सोमवार मायदेशातच आहे, त्यांना ही अट अट वाटतच नाही. ज्यांना तिकडे राहायचं आहे त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच ती वाचावी.

अनुभवी लोकांसाठीच बांधलेल्या पदव्याही आहेत. एमआयटीचा स्लोन फेलोज अभ्यासक्रम, स्टॅनफर्डचा एमएसएक्स, हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधली मिड-करिअर एमपीए. या साधारण वर्षभराच्या असतात, वर्गातले सगळेच अनुभवी असतात आणि अनुभवाची किमान अट असते. केनेडी स्कूलमध्ये सात वर्षं, स्टॅनफर्डला आठ. व्यवस्थापनात किंवा सार्वजनिक प्रशासनात वर जायचं असेल तर हे रस्ते विचारात घ्यावेत. पण विषयच बदलायचा असेल, म्हणजे नळजोडण्यांकडून पूरशास्त्राकडे किंवा हिशेबाकडून सांख्यिकीकडे, तर सर्वसाधारण एमएस्सीशिवाय पर्याय नसतो, आणि तिथे तुमच्या शेजारी बाविशीतली मुलं बसलेली असतात. मी ज्या मैत्रिणीबद्दल आता सांगणार आहे ती या दुसऱ्या प्रकारातली.

ती स्थापत्य अभियंता. दहा वर्षं शहरांच्या पावसाळी गटारांचे आणि मोऱ्यांचे आराखडे करत होती. तिला पूरधोक्याच्या कामात जायचं होतं. तिने दहा जाहिराती काढल्या, त्यातल्या नऊ जाहिरातींत जलविज्ञानातली पदव्युत्तर पदवी उरली. म्हणजे दार खरं होतं. वय ३४, नवरा फिजिओथेरपिस्ट, मुलगी सात वर्षांची. तिघांनी मिळून जायचं आणि निदान काही वर्षं तिथे काम करायचं, असं त्यांचं ठरलं होतं. विद्यापीठांची यादी तिच्याकडे तयार होती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि देश घेतले.

तिची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया होती. अभ्यासक्रम चांगले, हवामानाचे आणि पुराचे प्रश्न खरे, आणि पदवीनंतर काम करण्यासाठी तात्पुरता व्हिसा मिळतो, सबक्लास ४८५. तो मिळायला तिथे किमान दोन शैक्षणिक वर्षं शिकावं लागतं. पण १ जुलै २०२४ पासून या व्हिसाची वयोमर्यादा पन्नासवरून पस्तीसवर आली. संशोधनाने केलेली मास्टर्स आणि पीएचडी यांना पन्नासची सवलत राहिली. वर्गात शिकून केलेल्या पदवीला नाही. हे वय प्रवेश घेताना मोजत नाहीत, पदवीनंतर व्हिसाचा अर्ज करताना मोजतात. तिथे सुरुवात फेब्रुवारीत. तेव्हा ती ३४ची असणार, पहिल्या ऑक्टोबरमध्ये ३५ची आणि दुसऱ्या ऑक्टोबरमध्ये ३६ची. निकाल डिसेंबरात. दोन महिन्यांच्या फरकाने ती मर्यादेबाहेर जात होती. सहा महिने आधीच्या जुलैच्या तुकडीत प्रवेश घेतला असता तर ती बसली असती, पण ती तुकडी सुरू होऊन गेली होती. विद्यापीठाने तिला प्रवेश आनंदाने दिला असता. पदवीनंतर तुमच्या वयाचं काय, हे सांगणं प्रवेश विभागाचं काम नसतं.

मग ब्रिटन. एका वर्षात पदवी, म्हणजे पगार एकच वर्ष बुडणार. नंतर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्ष. वयाची अट नाही. पण १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुलं बरोबर नेता येत नाहीत. संशोधनावर आधारित पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच परवानगी. एकट्या माणसाला ब्रिटन आजही या वयात सगळ्यात सोपा पर्याय वाटतो आणि मला तो योग्यच वाटतो. तिला वर्षभर मुलीपासून लांब राहायचं नव्हतं. हा भावनेचा प्रश्न म्हणून कुणी बाजूला सारू नये. तिच्या नियोजनातली ती पहिली अट होती आणि बाकीच्या अटी तिच्याभोवती बसवायच्या होत्या.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी फारशी नसते, म्हणून तेही बघितलं. तिथे आणखी एक वयाची रेघ निघाली. विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त सार्वजनिक आरोग्य विमा तीस वर्षांपर्यंतच असतो. तिशी ओलांडलेल्या परदेशी विद्यार्थ्याला बहुधा खासगी विम्याकडे वळावं लागतं. ही अडचण पैशांनी सुटणारी होती, पण नवऱ्याच्या जर्मन भाषेची अडचण तशी सुटणारी नव्हती.

राहिलं कॅनडा. तिथे एक आकडा सगळं ठरवतो, सोळा महिने. २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुला कामाचा परवाना मिळायचा असेल, तर अभ्यासक्रम किमान सोळा महिन्यांचा असावा लागतो. म्हणजे बारा महिन्यांची पदवी स्वस्त आणि लवकर संपणारी वाटते, पण त्या बारा महिन्यांत घरात एकही पगार येत नाही. चोवीस महिन्यांची पदवी लांब वाटते, पण त्यात दुसरा माणूस काम करू शकतो. घर बरोबर असेल तर लांब अभ्यासक्रम स्वस्त पडू शकतो. हे उलटं गणित कागदावर मांडेपर्यंत तिलाही पटत नव्हतं. आणि मास्टर्स झाल्यावर मिळणारा कामाचा परवाना तीन वर्षांपर्यंतचा असतो.

शिवाय कॅनडात अभियांत्रिकीच्या दोन पदव्या असतात. एमइंग म्हणजे वर्गात शिकून, फी भरून करायची. एमएएससी म्हणजे प्रबंध लिहून करायची, साधारण दोन वर्षांची, आणि तिच्यात मार्गदर्शक प्राध्यापक आपल्या संशोधन निधीतून विद्यार्थ्याला स्टायपेंड देतात. तो पगाराची बरोबरी करत नाही, पण फी आणि भाडं यांचा मोठा भाग उचलतो. अट एकच. अर्जाआधी एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला घ्यायला तयार व्हावं लागतं. आणि दहा वर्षं विद्यापीठापासून लांब असलेल्या माणसाला ते का घेतील, हा प्रश्न तिला पडला.

तिने पहिलं पत्र लिहून मला दाखवलं. त्यात होतं: दहा वर्षांचा समृद्ध अनुभव, अनेक प्रकल्पांचं यशस्वी व्यवस्थापन, संघभावना, शिकण्याची तळमळ. अनुभवी लोक असंच लिहितात, कारण नोकरीच्या अर्जात हेच चालतं. प्राध्यापकाला मात्र व्यवस्थापक नको असतो. त्याला माहीत करून घ्यायचं असतं की या माणसाकडे प्रश्न आहे का, आणि त्या प्रश्नाला लागणारी माहिती आहे का.

मी तिला विचारलं, "तुझ्या कामात असं काय आहे की ज्याचं उत्तर तुला मिळालं नाही?" ती लगेच एका मोरीबद्दल बोलायला लागली. रस्त्याखालची मोरी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी बांधलेली. म्हणजे कोणत्याही एका वर्षी तिच्यावरून पाणी जाण्याची शक्यता चार टक्के. आणि ती मोरी सहा वर्षांत तीनदा भरून वाहिली. वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर असं होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास येते. मग योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. एकतर आराखड्यात वापरलेली पावसाची जुनी आकडेवारी आता लागू पडत नाही, किंवा वरच्या पाणलोटात बांधकाम वाढून पाणी पूर्वीपेक्षा लवकर खाली येतंय, किंवा मोरीत गाळ साचून तिचं तोंड बारीक झालंय. कशाचा वाटा किती? कचेरीत या प्रश्नाला वेळ नव्हता. पुढच्या मोरीचा आराखडा द्यायचा होता.

"हेच लिही," मी म्हटलं.

दुसरं पत्र पानभराचं होतं. सुरुवातच मोरीपासून. मधे एक छोटा तक्ता, तीन पुरांच्या तारखा, जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद आणि पाण्याची पातळी. शेवटी दोन ओळी, त्या प्राध्यापकांच्या कुठल्या कामाशी हा प्रश्न जुळतो त्याच्या. अनुभवाची दहा वर्षं एका वाक्यात. आधी तिने कंपनीकडून ती नोंद वापरायची लेखी परवानगी घेतली, आणि हे प्रत्येकाने करायलाच हवं. कामावर गोळा केलेली माहिती आपली नसते, आणि परवानगीवाचून ती पाठवणारा माणूस कोणत्याही मार्गदर्शकाला जोखमीचा वाटतो. तिने असं पत्र मोजक्या लोकांना पाठवलं, प्रत्येकाला वेगळं. काहींचं उत्तर आलं नाही, एकाने निधी नसल्याचं कळवलं, आणि एकांनी बोलायला वेळ मागितला. त्या बोलण्यात तिच्या पदवीच्या गुणांचा विषय शेवटी आला. आधी तीन पावसाळ्यांवरच चर्चा झाली.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो फक्त वेळ खातो. शिफारसपत्रासाठी एक तरी प्राध्यापक लागतो, आणि दहा वर्षांनी आपले प्राध्यापक निवृत्त झालेले असतात किंवा आपल्याला विसरलेले असतात. त्यांना नुसती विनंती करू नये. आपला जुना प्रकल्प, तेव्हाचे गुण आणि नंतरच्या कामाचं अर्धं पान सोबत द्यावं, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी हाताशी असतं. जुन्या विद्यापीठातून गुणपत्रकाची सीलबंद प्रत मिळायला महिने लागू शकतात, तेव्हा ती सगळ्यात आधी मागवावी. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून ती परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

आता वर्गाबद्दल. मी ब्रिटनमध्ये शिकले तेव्हाचा हिशेब सांगते. मास्टर्सची १८० क्रेडिट्स असतात आणि एका क्रेडिटला दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे १८०० तास. त्यातली १२० क्रेडिट्स वर्गातल्या विषयांची आणि ६० प्रबंधाची. वर्गाचे १२०० तास साधारण तीस आठवड्यांत बसतात, आठवड्याला चाळीस. वेळापत्रकात मात्र दहा-बारा तासांचीच व्याख्यानं दिसतात. ते बघून नोकरीतून आलेल्या माणसाला वाटतं, चला, बाकी वेळ मोकळा. तो मोकळा नसतो, तो वाचनाचा असतो. आणि सवय गेलेली असते. कामावर आपण वीस पानांच्या अहवालातला सारांश वाचून निर्णय घेतो. इथे त्या वीस पानांतल्या पद्धतीच्या भागात लेखकाने काय गृहीत धरलं आहे, तेच शोधायचं असतं.

माझ्या गटात एक परिचारिका होती, बारा वर्षं आरोग्यकेंद्रात काम केलेली. आम्ही दोघी आरोग्यकेंद्रांच्या वीजपुरवठ्यावर एकत्र लिहीत होतो. तिच्या भागात एक वाक्य होतं, वीज गेली की लसींच्या शीतकपाटाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. परीक्षकाने समासात लिहिलं होतं, 'पुरावा?' तिला फार लागलं. म्हणाली, "मी बारा वर्षं हेच बघितलंय." आम्ही दोघी त्या समासाकडे बराच वेळ बघत बसलो. मग तिने ते वाक्य काढलं नाही, बदललं. ती ज्या केंद्रात होती तिथल्या नोंदवह्यांवरचं प्रकाशित सर्वेक्षण शोधलं, त्यातला आकडा दिला, आणि आपलं निरीक्षण त्या आकड्याचं स्पष्टीकरण म्हणून खाली मांडलं. पुढच्या वेळी त्याच परीक्षकाने त्या परिच्छेदाशेजारी लिहिलं, हे दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं. अनुभवी विद्यार्थ्याचं वर्गातलं खरं काम हे आहे. अनुभव पुरावा म्हणून उभा राहत नाही, पण कुठला पुरावा शोधायचा आणि मिळालेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे अनुभवालाच कळतं. बाविशीतल्या मुलांकडे वाचनाचा वेग असतो, गणित ताजं असतं. त्यांच्याकडून ते घ्यावं, मोकळेपणाने घ्यावं. मला सांख्यिकीतलं रिग्रेशन एका माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलाने शिकवलं आणि तो उत्तम शिक्षक होता.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याच वयात घडते. राजीनामा देताना जुना साहेब म्हणतो, "तिथून महिन्याला थोडे तास आमचं काम करत राहा, पैसे देऊ." फार आपुलकीने म्हणतो, आणि पैशांची गरजही असते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर मात्र स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायला मनाई आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला वीस तासांचीच परवानगी असते. परदेशी कंपनीचं काम तिथे बसून केलं तरी ते काम तिथेच केलं असं धरतात. सल्लागार म्हणून बिल पाठवणं म्हणजे व्हिसाची अट मोडणं, मग बिल कुठल्याही देशात जावो. जिथे जाणार त्या देशाचा नियम विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला लेखी विचारावा आणि मगच साहेबांना उत्तर द्यावं.

नोकरी शोधण्याचं वेळापत्रकही वेगळं असतं. सप्टेंबरच्या शेवटी अभ्यासक्रम सुरू होतो आणि ऑक्टोबरात विद्यापीठात कंपन्यांचे मेळावे लागतात. सगळे धावतात, आपणही धावतो. पण त्या भरत्या बहुतांशी ताज्या पदवीधरांसाठी असतात, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात रुजू होण्यासाठी. दहा वर्षांच्या माणसाला त्या पदावर घ्यायला कंपनी कचरते आणि घेतलं तरी पगार परवडत नाही. अनुभवी जागा वर्षभर केव्हाही निघतात आणि दोन-तीन महिन्यांत भरतात. म्हणून ऑक्टोबरात अर्ज करण्यापेक्षा माणसं ओळखावीत आणि मे महिन्यापासून, प्रबंध चालू असताना, अर्ज सुरू करावेत. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज विद्यापीठाने पदवी पूर्ण झाल्याचं कळवल्यावरच करता येतो आणि निकाल अनेकदा नोव्हेंबरात लागतो. मधल्या महिन्यांचं भाडं आधीपासून बाजूला काढलेलं असावं.

वय इथे एका ठिकाणी आपल्या बाजूने असतं. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण पगाराची किमान मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. नव्या पदवीधरांना सवलतीचा दर असतो, तरी त्यांची तिथे ओढाताण होते. दहा वर्षं काम केलेल्या अभियंत्याला तेवढा पगार मागता येतो, पण जुन्या कामाशी जोडलेली जागा मागितली तरच. क्षेत्र पूर्ण बदललं आणि अनुभव शून्यावर आणला, तर मुलाखतीत समोरच्याला तुम्ही महाग नवशिके वाटता. म्हणून प्रबंधाचा विषय निवडताना एक पाय जुन्या कामात असावा. मी वीजगळतीवर लिहिलं, कारण ती मी खांबांवर चढून मोजली होती. मुलाखतीत 'इतक्या वर्षांनी शिकायला का गेलात?' हे विचारतातच. याचं उत्तर एका वाक्यात आणि प्रबंधाच्या विषयातून देता आलं पाहिजे.

ज्यांना मायदेशीच परतायचं आहे त्यांनी राजीनाम्याआधी अभ्यासरजा मागून बघावी. बिनपगारी असली तरी चालेल. कंपनी पैसे देणार असेल तर परतल्यावर इतकी वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड घेते, आणि तो घ्यायला माझी हरकत नाही. पण बाँडमध्ये आपण काय करायचं ते सगळं लिहिलेलं असतं. कंपनी परतल्यावर कोणत्या पदावर घेणार ते लिहिलेलं नसतं. 'बघू, तुमच्यासाठी काहीतरी चांगलं काढू' हे तोंडी असतं, आणि दोन वर्षांनी ते म्हणणारा साहेब बहुधा दुसरीकडे गेलेला असतो. पदाची श्रेणी, विभाग आणि ज्येष्ठता मोजण्याची तारीख, या तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. माझ्या बरोबरीच्या एकीने त्या घेतल्या होत्या. तिचा विभागच मधल्या काळात बंद झाला, तरी श्रेणी लिहिलेली असल्यामुळे तिला दुसऱ्या विभागात त्याच श्रेणीवर घ्यावं लागलं.

माझी मैत्रीण कॅनडात गेली, तिघं गेली. तिचं दुसरं सत्र चालू आहे. मुलगी शाळेत रुळली. नवऱ्याला खुला परवाना मिळाला, पण परवाना म्हणजे व्यवसायाची नोंदणी नव्हे. फिजिओथेरपी तिथे नियंत्रित व्यवसाय आहे. पदवीची तपासणी, मग परीक्षा, मग नोंदणी. हे त्यांनी निघण्यापूर्वी शोधलं होतं आणि त्याची कागदपत्रं तिच्या प्रवेशअर्जाबरोबरच तपासणीला पाठवली होती, कारण ती वेळखाऊ असतात हे त्यांना कळलं होतं. तोवर तो एका दवाखान्यात फिजिओथेरपी सहायक म्हणून काम करतो. त्या कामाला नोंदणी लागत नाही. पगार त्याच्या जुन्या पदाच्या मानाने कमी आहे, पण त्यांच्या चोवीस महिन्यांच्या हिशेबात त्यांनी तेवढाच धरला होता. मोरीवरून पाणी का गेलं, याचं तिचं पहिलं उत्तर तयार आहे. गाळाचा वाटा तिला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला, आणि त्यामुळे प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिला नव्याने लिहावं लागतंय.